गुणोत्तर राहू द्या, आधी तारखा बघू

प्रश्न : डॉक्टर, माझं वय २७. गेली तीन-चार वर्षं पाळी कधी ३५ दिवसांनी येते, कधी ६०. हनुवटीवर आणि बेंबीखाली जाड केस येतात, ते मी दर पंधरा दिवसांनी काढते. वजन थोडं जास्त आहे. ३ मार्चला पाळी आली होती. २४ मार्चला दुपारी एक वाजता ऑफिसमधून धावतपळत जाऊन रक्त दिलं. एलएच १९.६, एफएसएच ७.०, प्रोलॅक्टिन ४१, टेस्टोस्टेरॉन ५८. त्यानंतर पाळी ८ एप्रिलला आली. मावसबहीण म्हणते, एलएच-एफएसएचचं गुणोत्तर २.८ म्हणजे पक्का पीसीओएस. प्रोलॅक्टिन वाढलं म्हणजे मेंदूत गाठ, असं मी वाचलं आणि झोपच उडाली. आणि टेस्टोस्टेरॉन नॉर्मल आहे तर हे केस कुठून आले? ॲसिडिटीची कॅप्सूल रोज सकाळी घेते, डोक्यावरचे केस गळतात म्हणून केसांची एक गोळी घेते, बाकी औषध नाही. मेंदूचा एमआरआय करू का?

उत्तर : एमआरआय आत्ता नको. का नको ते प्रोलॅक्टिनपाशी आलं की सांगते. आधी तुम्ही लिहिलेल्या एका तारखेबद्दल बोलू, कारण ती रिपोर्टवर कुठेच नाही आणि तिच्यावाचून तुमच्या एलएचला काही अर्थ लागत नाही. ती तारीख म्हणजे ८ एप्रिल.

बीज सुटल्यानंतर पाळी यायला साधारण चौदा दिवस लागतात. पाळी उशिरा येणाऱ्या बाईत लांबतो तो आधीचा भाग, म्हणजे बीज तयार व्हायला लागणारा काळ. बीज सुटल्यानंतरचे दिवस फारसे बदलत नाहीत. आता ८ एप्रिलपासून चौदा दिवस मागे जा. २५ मार्च येतो. तुम्ही रक्त दिलंत २४ मार्चला.

बीज सुटण्याच्या आधीचा दीड-एक दिवस हा असा असतो की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच या हार्मोनचा मोठा लोंढा सोडते. एरवी पाच-सहाच्या आसपास असणारा एलएच तेव्हा पंधराच्या पुढे जातो आणि पुष्कळदा चाळीस-पन्नासही होतो. एफएसएचही वाढतं, पण तितकं नाही. म्हणजे त्या दिवशी रक्त घेतलं तर अगदी नियमित पाळी असलेल्या बाईचंही गुणोत्तर दोन-तीन किंवा त्याहून जास्त येऊ शकतं. तुमचा १९.६ हा आकडा त्या लोंढ्याच्या चढावरचा किंवा उतारावरचा असण्याची शक्यता बरीच आहे. एका रिपोर्टवरून मी शपथेवर सांगणार नाही, पण तारखांचा हिशोब जुळतो. आणि तो खरा असेल तर मावसबहिणीला ज्यात आजार दिसला, ती खूण त्या महिन्यात बीज सुटल्याची आहे.

म्हणून एलएच आणि एफएसएच पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात तपासायचे असतात. तेव्हा दोन्ही शांत असतात आणि साधारण बरोबरीचे असतात. रिपोर्टवर एलएचच्या शेजारी तीन-चार वेगवेगळ्या मर्यादा छापलेल्या असतात, पाळीनंतरचे दिवस, बीज सुटण्याचा काळ, त्यापुढचे दिवस अशा. यातली कोणती ओळ तुमची, हे लॅबला कळत नाही. रक्त घेताना पाळीची तारीख विचारलीच नसेल तर तो आकडा कोणत्याच ओळीत बसवता येत नाही.

गुणोत्तराची गोष्ट अगदीच खोटी आहे असं मात्र नाही. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरीला ठरावीक अंतराने ठोके देत असतो. ठोके भरभर पडले की एलएच जास्त तयार होतं, सावकाश पडले की एफएसएच. बीज सुटल्यावर तयार होणारं प्रोजेस्टेरॉन हे ठोके संथ करतं. ज्या बाईत महिनोन्‌महिने बीज सुटत नाही तिच्यात प्रोजेस्टेरॉनच नसतं, म्हणून ठोके भरभरच पडत राहतात. एलएच चढलेलं राहतं, ते अंडाशयाला टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी हार्मोन्स बनवायला लावतं, आणि बीज परिपक्व करायला लागणारं एफएसएच मागे पडतं. पीसीओएसमध्ये दोनास एक किंवा तीनास एक हे प्रमाण दिसतं ते यामुळे, आणि एके काळी डॉक्टर त्यावरून निदानही करत.

पण पुढे लक्षात आलं की पीसीओएस असलेल्या कितीतरी बायकांमध्ये हे प्रमाण चढलेलं नसतंच. वजन जास्त असेल तर एलएच खाली राहतं आणि गुणोत्तर सरळ एकास एक येतं. एलएच ठोक्या-ठोक्याने सुटत असल्याने तासाभरात आकडा बराच वरखाली होतो. पाळी येत नाही म्हणून प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देऊन ती आणली आणि लगेच तपासणी केली, तर त्या गोळ्यांनीच एलएच दबलेलं असतं. १९९० साली अमेरिकेत पीसीओएसचे निकष ठरले त्यात गुणोत्तर नव्हतं, २००३ च्या रॉटरडॅम निकषांतही नव्हतं, आणि आजही नाही. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलींच्या फाइलवर ते लाल पेनाने गोल करून आणलेलं असतं. तो गोल बघून मला वाईट वाटतं, कारण तेवढ्या एका आकड्यावर त्या मुलीने कित्येक रात्री काळजीत काढलेल्या असतात.

एलएच आणि एफएसएच तपासायचे ते दुसऱ्याच कारणासाठी. एफएसएच पुनःपुन्हा २५ च्या वर येत असेल तर अंडाशय अकाली थकत चाललंय, असा संशय घ्यावा लागतो. दोन्ही हार्मोन्स अगदी तळाला असतील तर वरून ठोकेच पुरेसे पडत नाहीत. झपाट्याने वजन उतरवलेल्या, अतिव्यायाम करणाऱ्या किंवा फार ताणात असलेल्या मुलींमध्ये असं दिसतं. तुमचं ७.० हे एफएसएच लोंढ्याच्या काळातलं असलं तरी त्यातून एवढं कळतं की अंडाशय थकल्याची चिन्हं नाहीत. तुमच्या एलएच-एफएसएचकडून आज एवढंच हवं होतं.

आता प्रोलॅक्टिन, म्हणजे आईला दूध यावं म्हणून पिट्युटरी सोडते ते हार्मोन. त्याची वरची मर्यादा बहुतेक लॅबमध्ये २५ नॅनोग्रॅमच्या आसपास असते. ते खरोखर वाढलेलं असेल तर पाळी लांबवतं, कारण ते हायपोथॅलॅमसचे ठोकेच दाबून टाकतं. मग एलएच आणि एफएसएच दोन्ही खाली जातात. तुमच्या रिपोर्टमध्ये एलएच १९.६ आहे. ज्या प्रोलॅक्टिनने ठोके दाबले आहेत, त्याच्या शेजारी एवढं एलएच बसत नाही. म्हणजे त्या दिवशी ४१ असलेलं प्रोलॅक्टिन तुमची पाळी अडवत होतं, असं रिपोर्टच सांगत नाही.

मग ४१ आलं कुठून? तुमच्या पत्रातच तीन कारणं सापडतात. पहिलं म्हणजे धावपळ. प्रोलॅक्टिन ताणाने वाढतं, श्रमाने वाढतं, सुई टोचण्याच्या भीतीनेही वाढतं. दुसरं, बीज सुटण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन चढलेलं असतं आणि त्यासोबत प्रोलॅक्टिनही थोडं वर येतं. तिसरं कारण मला सगळ्यात जास्त संशयास्पद वाटतं, ती तुमची सकाळची कॅप्सूल. तिचं पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. ॲसिड कमी करणाऱ्या औषधासोबत डॉमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड लिहिलेलं आहे का, ते बघा. हे घटक पोटाची हालचाल सुधारायला घातलेले असतात. पण पिट्युटरीवर डोपामिनचा जो लगाम असतो तोही ते सैल करतात, आणि प्रोलॅक्टिन वाढतं. नुसती ॲसिडिटीचीच आहे म्हणून ही गोळी कुणी ‘औषध’ या सदरात मोजत नाही. तुम्ही मोजलीत, हे फार बरं झालं.

पाकिटावर यांपैकी काही असेल तर ज्यांनी कॅप्सूल दिली त्या डॉक्टरांना विचारून ती चार दिवस बंद ठेवा, नाहीतर नुसतं ॲसिड कमी करणारं औषध घ्या, आणि मग प्रोलॅक्टिन पुन्हा तपासा. (हे वाचणाऱ्या कुणाला मानसिक आजारावरची औषधं चालू असतील तर त्यांच्यासाठी हा सल्ला नाही. त्यातली काही औषधं प्रोलॅक्टिन वाढवतात, पण ती मनाने बंद करायची नाहीत, आधी मनोविकारतज्ज्ञांशी बोलायचं.)

रक्त देताना उठल्यापासून किमान दोन तास झालेले असू द्या, कारण झोपेत प्रोलॅक्टिन चढलेलं असतं. काही खाल्लेलं नसावं. आदल्या दिवशी जोराचा व्यायाम आणि शरीरसंबंध टाळा. लॅबमध्ये पोचल्यावर वीस मिनिटं शांत बसा आणि मग हात पुढे करा. त्याच रक्तात थायरॉइडचं टीएसएच तपासायला सांगा. थायरॉइड मंदावलं की मेंदू त्याला हाकण्यासाठी जे संप्रेरक सोडतो, तेच प्रोलॅक्टिनलाही वर ढकलतं. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई मेंदूच्या एमआरआयची फिल्म घेऊन आल्या होत्या. प्रोलॅक्टिन साठच्या घरात होतं, पिट्युटरी थोडी फुगलेली दिसत होती आणि घरचे सगळे धास्तावलेले होते. टीएसएच कुणी तपासलंच नव्हतं. तपासलं तर ते कितीतरी पट वाढलेलं निघालं. थायरॉइडच्या गोळ्यांवर काही महिन्यांत प्रोलॅक्टिन उतरलं, पाळीही सुरळीत झाली.

दुसऱ्यांदाही प्रोलॅक्टिन जास्तच आलं आणि लक्षण काही नसलं, तर लॅबला ‘मॅक्रोप्रोलॅक्टिन’ बघायला सांगायचं. काही जणींच्या रक्तात प्रोलॅक्टिन अँटिबॉडीला चिकटून मोठ्या गोळ्यासारखं फिरत असतं. मशीन ते मोजतं, शरीरावर मात्र त्याचा जवळजवळ काही परिणाम होत नाही. एमआरआयचा विचार येतो तो गर्भारपण, औषधं, थायरॉइड आणि मॅक्रोप्रोलॅक्टिन बाजूला काढूनही आकडा चढाच राहिला तर. शंभरच्या वर असेल तर लवकर. आणि स्तनांतून दूध येत असेल, डोकेदुखी वाढत असेल किंवा नजरेच्या कडा अंधारल्यासारख्या वाटत असतील तर आकड्याची वाट न पाहता डॉक्टरांना गाठायचं. गाठ निघाली तरी अशा गाठी बहुधा छोट्या आणि कर्करोगाच्या नसलेल्या असतात. त्या बहुतेक वेळा गोळ्यांनीच आवरतात.

आता तुमचा तिसरा प्रश्न. तिन्हींत मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

५८ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर हे एकूण टेस्टोस्टेरॉन. बायकांसाठी वरची मर्यादा लॅबप्रमाणे ५० ते ७० च्या आसपास असते, म्हणून तुमच्या रिपोर्टवर तो आकडा ठळक झाला नाही. पण रक्तातलं बरंचसं टेस्टोस्टेरॉन एसएचबीजी नावाच्या प्रथिनाने धरून ठेवलेलं असतं. केसांच्या मुळापर्यंत पोचतं ते सुटं टेस्टोस्टेरॉन. शरीरात इन्शुलिन चढलेलं असलं, आणि वजन वाढलं की ते पुष्कळदा चढतं, तर यकृत एसएचबीजी कमी बनवतं. मग एकूण आकडा तोच राहूनही सुटा भाग वाढतो.

या सुट्या भागाचा अंदाज तुमच्याच आकड्यावर करून बघू. ५८ ला ०.०३४७ ने गुणलं की नॅनोमोल प्रति लिटर मिळतात, साधारण २. त्याला एसएचबीजीने भागायचं आणि शंभराने गुणायचं. एसएचबीजी ६० असेल तर उत्तर ३.३ येतं, त्यात काळजीचं काही नाही. एसएचबीजी २० असेल तर उत्तर १० येतं, आणि साधारणपणे ५ च्या वरचा आकडा वाढलेला धरतात. दोन्ही बायकांच्या रिपोर्टवर ‘टेस्टोस्टेरॉन ५८, नॉर्मल’ एवढंच छापलेलं असेल. म्हणून पुढच्या वेळी टेस्टोस्टेरॉनसोबत एसएचबीजी सांगा. एसएचबीजी न बघता केसांची तक्रार उडवून लावणं मला पटत नाही.

शिवाय बायकांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन इतकं कमी असतं की नेहमीच्या लॅबची मशीन्स त्या पातळीला चुकतात. ‘मास स्पेक्ट्रोमेट्री’ने केलेली तपासणी जास्त भरवशाची, ती मिळाली तर तीच करा. आणि तुमची केसांची गोळी. तिच्यात बहुधा बायोटिन असेल, पाच किंवा दहा मिलिग्रॅम. शरीराला रोज लागतं ते मिलिग्रॅमचा विसावा भागसुद्धा नाही. काही मशीन्स मोजणीसाठी बायोटिनचीच चिकटण्याची रीत वापरतात. रक्तात ते जास्त झालं की त्या मशीनवर टेस्टोस्टेरॉन खोटं वाढलेलं आणि टीएसएच, प्रोलॅक्टिन खोटं कमी झालेलं दिसू शकतं. तपासणीआधी तीन दिवस ती गोळी बंद ठेवा.

आणि केस हा स्वतःच पुरावा आहे. हनुवटी आणि बेंबीखालची रेषा या दोन्ही जागा पुरुषी हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या आहेत. डॉक्टरांकडे जाताना पुष्कळ मुली आदल्या दिवशी ते केस काढून जातात, आणि मग तपासणीत काहीच दिसत नाही. तुम्ही दोन आठवडे काढू नका, किंवा निदान किती दिवसांनी काढावे लागतात ते स्पष्ट सांगा.

रॉटरडॅमच्या निकषांत तीन गोष्टी आहेत. पाळीची अनियमितता, पुरुषी हार्मोनची लक्षणं किंवा रक्तात वाढलेलं प्रमाण, आणि सोनोग्राफीत अंडाशयांचं ठरावीक रूप. यांपैकी दोन असल्या आणि दुसरी कारणं वगळली की पीसीओएस म्हणतात. तुमच्याकडे पहिली आहे, आणि तपासून केस तसेच जाड निघाले तर दुसरीही. म्हणजे मावसबहिणीचा निष्कर्ष बरोबर निघण्याची शक्यता चांगलीच आहे, फक्त कारण चुकीचं. तुम्हाला पीसीओएस असेल तर तो ३५ ते ६० दिवसांच्या पाळीमुळे आणि त्या केसांमुळे म्हणायचा. २.८ चा त्यात काही वाटा नाही. मार्चमध्ये बीज सुटलं असलं तरीही हे निदान होऊ शकतं, कारण पीसीओएसमध्ये बीज अधूनमधून सुटतंच. (म्हणूनच मूल नको असेल तर पाळी अनियमित आहे या भरवशावर राहायचं नाही.)

वगळायच्या कारणांत थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन झालं. तिसरं आहे अड्रिनल ग्रंथीचा एक जन्मजात, सौम्य दोष, जो हुबेहूब पीसीओएससारखा दिसतो. त्यासाठी १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन ही तपासणी असते. तीही पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांतच आणि सकाळीच करायची. बीज सुटल्यानंतर केली तर निरोगी बाईतही ती वाढलेली येते आणि नव्या काळजीला आमंत्रण मिळतं. टेस्टोस्टेरॉन दीडशे-दोनशेच्या पुढे असेल, किंवा काही महिन्यांतच केस झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, तर अंडाशय किंवा अड्रिनलची गाठ शोधावी लागते. तुमची तक्रार तीन-चार वर्षांची, संथ आहे आणि आकडा ५८, म्हणून तो संशय मला येत नाही.

तर पुढची पाळी आली की दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमारास, उपाशीपोटी एकदाच रक्त द्या. प्रोलॅक्टिन, टीएसएच, टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी आणि १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन. एलएच-एफएसएच करायचेच तर त्याच दिवशी होतील. सोबत उपाशी आणि ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांची साखर बघून घ्या, कारण इन्शुलिनचा धागा तिकडेही जातो. रक्त घेणाऱ्या ताईंना पाळीची तारीख फॉर्मवर लिहायला सांगा. त्यांनी लिहिली नाही तर रिपोर्ट हातात आल्यावर तुम्ही स्वतः कोपऱ्यात लिहा, आणि गोळ्यांची रिकामी पाकिटंही डॉक्टरांकडे घेऊन जा.

पुढची पाळी लवकर आलीच नाही तर? ४५ दिवस झाले की आधी लघवीवरची गर्भचाचणी करा, गर्भारपणातही प्रोलॅक्टिन वाढतं. ती निगेटिव्ह असेल आणि ९० दिवस उलटले तर तपासणीच्या नादात आणखी थांबू नका. बीज न सुटता गर्भाशयाचं अस्तर महिनोन्‌महिने जाड होत राहणं चांगलं नाही. तेव्हा प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देऊन पाळी आणावी लागते. गोळ्या सुरू करण्याआधीच रक्त द्या आणि फॉर्मवर लिहा : ‘पाळी ९० दिवस नाही, हार्मोनची गोळी घेतलेली नाही.’